सल्ला हवा: विकलेला फोन नेटफ्लिक्सच्या डाउनलोडच्या यादीतून कसा काढायचा?

कर्वेनगरची_मेधा
आमचा ४९९ चा प्लॅन आहे. शनिवारी पहाटे ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघतोय, घाटात रेंज जाते म्हणून लेकीसाठी माझ्या नव्या फोनवर कार्टून उतरवून घ्यायला बसले. तर म्हणे खूप उपकरणांवर डाउनलोड आहेत. एक घरातला टॅब, तो ठीक. दुसरा माझा जुना फोन, तो एक्स्चेंजमध्ये गेला, देण्याआधी फॅक्टरी रीसेटही केला होता. आता हातात नसलेल्या फोनवरून कसं काढायचं?

बाजीराव_रोड
स्टोरेज भरलं असेल ताई. व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग उडवा, चार-पाच जीबी सहज निघतील.

कर्वेनगरची_मेधा
नाही हो, फोन नवा आहे, निम्मासुद्धा भरलेला नाही.

सिंहगड_चढणारा
काही करू नका. नवीन फोनवर डाउनलोड लावलं की सगळ्यात जुना आपोआप बाद होतो. माझं स्पॉटिफायवर असंच झालं होतं.

अप्पा_सदाशिव
ते स्पॉटिफायचं झालं. तिथे पाच उपकरणं चालतात, सहाव्यावर गाणी उतरवलीत की ज्यावर सगळ्यात आधीपासून ऐकलेलं नाही त्याची जातात. नेटफ्लिक्स स्वतःहून कोणाला काढत नाही, अडवून बसतं.

मेधाताई, तुमच्या प्लॅनला डाउनलोडची दोन उपकरणं. १४९ आणि १९९ ला एकच, ६४९ ला सहा. लॉगिन किती ठिकाणी आहे त्याच्याशी याचा संबंध नाही. ज्यावर निदान एक तरी डाउनलोड आहे तेच मोजलं जातं. तुमचा फोन रीसेट झाला तेव्हा फाइल गेल्या, पण त्या गेल्याचं नेटफ्लिक्सला कळवायला ॲपच उरलं नाही. म्हणून त्यांच्या लेखी तो फोन अजून भरलेलाच.

ॲपमध्ये शोधत बसू नका. लॅपटॉपच्या ब्राउझरवर `netflix.com/account` उघडा. मुलांचं प्रोफाइल चालणार नाही, मोठ्यांच्या प्रोफाइलमधून जा. `Devices` मध्ये `Mobile download devices` आहे. जुन्या फोनसमोर `Remove Device`. मग नव्या फोनवर पुन्हा डाउनलोड लावा.

बाणेर_बंगलोर_बाणेर
एवढं कशाला? पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा, विषय संपला.

अप्पा_सदाशिव
फोन परक्या हातात गेलाय म्हणून तेही करा, त्यात चूक नाही. पण `Manage access and devices` ही साइन इनची यादी आहे, डाउनलोडची यादी वेगळी. पहिल्या यादीतून काढलं म्हणजे दुसरीतली जागा सुटली असं धरून चालू नका.

बाणेर_बंगलोर_बाणेर
माझी सुटली होती.

अप्पा_सदाशिव
त्या फोनवरची डाउनलोडं आधीच काढलेली असतील कदाचित. सांगता येत नाही. दोन्ही याद्या बघायला दोन मिनिटं लागतात, बघून घ्यावं.

कर्वेनगरची_मेधा
यादी सापडली. पण टॅब आणि जुना फोन एकाच कंपनीचे, यादीत नुसते मॉडेलचे नंबर आहेत. कोणता कोणाचा?

अप्पा_सदाशिव
टॅबच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली त्याचा मॉडेल नंबर असतो, तो ताडून बघा. तरी खात्री वाटली नाही तर टॅबवरची सगळी डाउनलोडं काढा, नेट चालू ठेवा आणि पान रिफ्रेश करा. जे नाव गेलं तो टॅब, उरलेला फोन.

फक्त टॅबवर `Smart Downloads` चालू असेल तर आधी बंद करा. नाहीतर तुम्ही रिकामा कराल आणि तो वाय-फाय मिळताच स्वतःच काहीतरी उतरवून पुन्हा जागा धरेल. चुकून टॅबच निघाला तरी आभाळ कोसळत नाही, त्यावरची डाउनलोडं जातील, ती पुन्हा उतरवायची.

कर्वेनगरची_मेधा
नंबर जुळला, अबाउटमध्येच कळलं. फोन काढला, नव्यावर उतरतंय. आत्ताच सगळे भाग घेऊन ठेवू का?

अप्पा_सदाशिव
काही भागांना मुदत असते. काही सात दिवसांत संपतात, काही एकदा लावले की ४८ तासांत. शुक्रवारी रात्री घ्या, आणि निघताना डाउनलोडच्या पानावर किती दिवस उरलेत ते दिसतं का बघा.

हडपसर_गाडीतळ
माझं जरा वेगळं आहे. अकाउंट मेव्हण्याचं, तो नाशिकला. मला ते `Account` चं पान उघडायला सांगतोय, पण पासवर्ड देत नाही.

अप्पा_सदाशिव
मग बटण त्यालाच दाबायला सांगा. फोनवर यादीतली नावं वाचून घ्या, तुमचा नंबर सांगा. मेव्हणे-मेव्हण्यांच्या बाकीच्या भानगडीत मी पडत नाही.

हडपसर_गाडीतळ
यादीत त्याच्या सासूबाईंचा फोनही आहे म्हणतोय. तो काढायची त्याची हिंमत नाही.