पिन न टाकता गेलेले पैसे : आईच्या कार्डाचा अनुभव, तुमचेही सांगा

होटगीरोडकर
आज सकाळी वाण्याकडे पुढच्या बाईंनी कार्ड मशीनला टेकवलं, टिंग झालं आणि त्या गेल्या. माझ्या पोटात एकदम गोळा आला. सोलापुरातल्या गेल्या गड्डा जत्रेतली संध्याकाळ आठवली.

होम मैदानावर पाळण्यांच्या बाजूला आईची पर्स कापली. पर्समध्ये तीनशे-साडेतीनशे रुपये, घराची किल्ली आणि डेबिट कार्ड. आईला किल्लीचीच काळजी. कार्डाचं काय, पिन तर माझ्या डोक्यात आहे, म्हणाली. मलाही तेच वाटलं. फोन माझ्या पिशवीत होता, त्या गर्दीत आणि लाउडस्पीकरच्या आवाजात मेसेजची टिकटिक कुठली ऐकू येणार. सव्वासातला बाहेर येऊन बघते तर तीन मेसेज. पेट्रोल पंप २,०००, एका दुकानात ४,९००, लगेच दुसऱ्या दुकानात ४,८५०. एकूण ११,७५०. पिन कुठेच लागला नाही.

७.२५ ला बँकेच्या नंबरवर कार्ड बंद करून घेतलं आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. तरी ७.३१ ला आणखी ३,२०० गेले! ते बँकेने नवव्या कामाच्या दिवशी जमा केले, कारण तक्रारीची वेळ आधीची होती. आधीच्या ११,७५० साठी मात्र "कार्ड सांभाळणं ग्राहकाची जबाबदारी" असं पत्र आलं. भांडण अजून चालू आहे.

तुमच्याकडे असं झालंय का? आणि आता टॅपला लगाम कसा घातलाय?

कुंभारवेस_७२
अरेरे. काकू बऱ्या आहेत ना? हाताला लागलं नाही ना?

होटगीरोडकर
हो काका, बरी आहे. कुलूप बदललं त्याच रात्री.

चाटीगल्ली
२,००० च्या वर पिन लागतोच की. ४,९०० कसे गेले? दुकानदार सामील असणार, त्याला धरा आधी.

निवृत्त_कॅशियर
२,००० ही जुनी मर्यादा. १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली. त्याच्या आतलं बिल पिनशिवाय चालतं, त्यामुळे दुकानदाराला काही वेगळं करावं लागत नाही. चोराने ४,९०० आणि ४,८५० उगाच नाही निवडले.

आणि ५,००० हे एका वेळचं बंधन आहे. दिवसभरात किती वेळा टेकवता येईल, हे तुमच्या कार्डाला बँकेने किंवा तुम्ही घातलेल्या मर्यादेवर ठरतं. लोक समजतात जास्तीत जास्त पाच हजारच जातील. तसं नाही.

शेंगाचटणी
मी तर ऑनलाइन व्यवहार बंद करून ठेवलेत ॲपमध्ये. मग टॅप पण बंदच ना?

निवृत्त_कॅशियर
नाही ताई. ती दोन वेगळी बटणं. जानेवारी २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ग्राहकाला प्रत्येक प्रकार वेगळा चालू-बंद करायची आणि त्याची रक्कम ठरवायची सोय दिली. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, कॉन्टॅक्टलेस, आणि देशातलं-परदेशातलं वेगळं. नवीन कार्डावर टॅप बंदच असतो, आपण चालू केल्याशिवाय चालत नाही. काकूंच्या कार्डावर कोणीतरी कधीतरी चालू केलेला असणार.

होटगीरोडकर
मीच केला होता. औषधाच्या दुकानात तिला पिन दाबायला त्रास होतो म्हणून. रकमेचा आकडा होता तसाच ठेवला, तिथे चुकलं. नवीन कार्ड आल्यावर ॲपमध्ये कार्ड, मग वापर आणि मर्यादा, मग कॉन्टॅक्टलेस असं जाऊन ५०० करून ठेवलंय. परवा ६४० चं बिल झालं तर मशीनने टॅप घेतला नाही, कार्ड आत घालून पिन टाकला, झालं काम.

निवृत्त_कॅशियर
उत्तम केलंत. पण ते ५०० एका वेळचे आहेत की दिवसाचे, हे एकदा बघून घ्या. प्रत्येक बँकेचं ॲप वेगळं आणि तिथे नीट लिहिलेलं नसतं. ओळखीच्या दुकानात एकाच दिवशी ३०० चं बिल टॅपने द्या, थोड्या वेळाने पुन्हा ३०० चं. दुसरं अडलं तर मर्यादा दिवसाची. दोन्ही गेली तर ती एका वेळची, म्हणजे चोर ५००-५०० करत बसू शकतो. मग दुकानातल्या मशीनची रोजची एकूण मर्यादाही खाली आणा, काकूंना लागते तेवढीच. मोठी खरेदी असेल त्या दिवशी ॲपमधून वाढवायची, रात्री परत खाली.

सातरस्ता_सायकल
बसमध्ये कोणी मशीन खिशाला लावून पैसे काढतात म्हणे. मी कार्ड ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळतो, भाकरीच्या डब्यातला.

निवृत्त_कॅशियर
फॉइलने सिग्नल अडतो, तेवढं खरं. पण कार्ड मशीनपासून दोन-चार सेंटिमीटरवर यावं लागतं, आणि मशीन ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यात पैसे जातात, म्हणजे तो सापडतो. चोरीला गेलेलं कार्डच जास्त महागात पडतं.

पुण्यातला_सोलापूरकर
माझं मेट्रोचं कार्ड हरवलं. बँकेने ते बंद केलं, पण गेटवर कापायला कार्डातच भरून ठेवलेले साडेतीनशे गेले ते गेलेच. ते नोटेसारखे असतात. म्हणून आता शंभर-दोनशेच भरतो.

मंगळवारपेठ_वहिनी
माझा प्रश्न वेगळा आहे. फोनवरून क्यूआर स्कॅन करताना पैसे दोनदा गेले, ते कोणाला सांगायचं?

चाटीगल्ली
वहिनी, त्याचा वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. आणि कॅशियर काका, ५,००० चं मला खरंच माहीत नव्हतं. आत्ताच बघितलं, माझं चालूच आहे. बंद केलं.

निवृत्त_कॅशियर
होटगीरोडकर, तुमच्या ११,७५० बद्दल. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,०००. निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. तिथे उदाहरण आहे ते गुप्त माहिती दुसऱ्याला देण्याचं. पर्स कापली जाणं त्यात बसतं का, हा वाद आहे. पण ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं काम बँकेचं, हेही तिथेच लिहिलंय. तो मुद्दा लेखी मांडा. पोलिसांत दिलं का?

होटगीरोडकर
दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही नोंदवलं. बँकेला लेखी देऊन ३० दिवस झाले म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले आहे, उत्तर यायचंय.

वकिलीणबाई
मला काकांइतकी खात्री नाही. "काळजी घेतली नाही" हे बँका बऱ्याचदा ताणतात. पण ७.२५ चा तक्रार क्रमांक तुमचा मोठा आधार आहे. तो मेसेज आणि कॉलची यादी, दोन्हीचे फोटो काढून ठेवा. फोन बदलला की जातात.

होटगीरोडकर
काढलेत ताई. खरंच आभार.

कुंभारवेस_७२
माझ्या बायकोचा फोन आणि कार्ड दोन्ही एकाच पर्समध्ये असतात. मेसेज चोरालाच दिसणार म्हणजे!

शेंगाचटणी
काका, बँकेचा नंबर कागदावर लिहून तुमच्या पाकिटात ठेवा. आमच्या घरी फ्रीजवर चिकटवलाय.

कुंभारवेस_७२
आत्ताच लिहितो. चष्मा कुठंय बघू.