अनुभव धागा: चाळीस मेलांचा गुंता आणि उशिरा आलेला माणूस

तूरवाला_यवतमाळ: आज नवीन बँकवाले साहेब म्हणाले, "तुरीच्या सगळ्या मेल फॉरवर्ड करा, वाचून घेतो." मला आमच्या शेतकरी कंपनीतल्या हिशेबाच्या ताई आठवल्या. मी रुजू झालो तेव्हा व्यापाऱ्यासोबतचा सौदा अर्धा झाला होता. ताईंनी अर्ध्या पानाची मेल पाठवली. पहिलीच ओळ: "12 फेब्रुवारीपर्यंत तुमचा होकार हवा, ओलावा 10 टक्के मान्य आहे का?" खाली काय ठरलं, काय अडलं, कोणाकडे अडलं. व्यापारी आधी 12 टक्क्यांवर राजी होता, हे एकाच ओळीत. उशिरा आलेल्या माणसाला आधीच्या मेलांचा गोषवारा तुम्ही कसा देता?

वणीची_पोर: शेवटची मेल वाचायची, खाली सगळं असतंच 😄 पोळ्या टाकायच्या आहेत, येते.

जिनिंगवाले_काका: नाही ना बाप्पा. कोणी मधल्याच मेलवर रिप्लाय मारला का फांदी फुटते. शेवटच्या मेलखाली फक्त तिची फांदी दिसते, दुसरीकडचं ठरलेलं दिसतच नाही. अन् रिप्लायमध्ये अटॅचमेंट जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते. मी तर सगळ्या मेल तारखेनं लावतो अन् प्रत्येक "चालेल" कोणत्या मेलखाली हाय ते पाहतो.

तूरवाला_यवतमाळ: काका, अगदी तेच! 3 तारखेला व्यापाऱ्याचा "चालेल" आला होता. सगळे समजले, ट्रकचं भाडं तो देणार. ताईंनी पाहिलं तर तो जुन्या मेलखाली होता, ज्यात भाडं आमच्याकडे होतं. भाडं त्याच्यावर टाकणारी मेल नंतरची, तिला उत्तरच नव्हतं. म्हणून त्यांनी लिहिलं: "भाडे: ठरलेले नाही. 3 तारखेचा होकार आधीच्या प्रस्तावाला आहे." आणि ती मूळ मेल सोबत जोडली.

पुसदची_सून: माझ्या जीमेलवर तर मेल येणंच बंद झालं. 15 जीबी भरलं म्हणते. फोटो उडवू का?

जिनिंगवाले_काका: लग्नाचे ठेव, व्हॉट्सअ‍ॅपचे गुड मॉर्निंग उडव.

ग्रामसेवक_आहे_मी: आमच्याकडे "उद्या पाठवतो" असं तसंच उतरवतात. पंधरा दिवसांनी वाचणाऱ्याला तो उद्या कोणता कळणार? मी मेलची तारीख पाहून खरी तारीख टाकतो. एक मात्र सुटत नाही: कोणी विरोध केला त्याचं नाव लिहावं का? लिहिलं तर सरपंच चिडतात, नाही लिहिलं तर नवीन माणूस तोच प्रश्न पुन्हा काढतो.

वणीची_पोर: आले. कारण लिहा, नाव कशाला?

जिनिंगवाले_काका: नाव नाही तर विचारायचं कोणाले?

वणीची_पोर: मग फोन करून सांगायचं, मेलवर नाही. बरं, फांदीचं माहीत नव्हतं मले.

पुसदची_सून: उडवले फोटो. तुरीला भाव काय चालू आहे हो तिकडे?