मदत हवी आहे: पाकिटावरची कॅलरी आन माझा हिशोब जुळंना

सायली_परभणी:
नमस्कार सगळ्यांना. आईला शुगर आहे, डाएटिशियन मॅडमनं दिवसाला १४०० कॅलरी सांगितल्यात, म्हणून मी वहीत रोजचं लिहून ठेवायलेय. प्रोटीनचे ग्रॅम गुणिले ४, कार्बचे गुणिले ४, फॅटचे गुणिले ९ हे मला माहीतय. आता ज्वारी, नाचणी, सोयाबीनच्या मिक्स पिठाचं एक पाकीट आणलं, त्याच्यावर १०० ग्रॅमला प्रोटीन १०.५, कार्ब ७२, फॅट ३ असं छापलंय. माझा हिशोब ४२ अधिक २८८ अधिक २७, म्हणजे ३५७. पण पाकिटावर एनर्जी ३३७! तीनदा केलं, मोबाईलवरबी केलं, २० चा फरक काही जाईना. कंपनी खोटं छापतीय का माझंच चुकतंय? आईच्या जेवणाचा प्रश्न आहे म्हणून अंदाजानं लिहायचं नाही मला.

गणेश_लातूर:
ताई, कार्बच्या खाली जरा आत सरकवून फायबर लिहिलेलं असतंय बगा. फायबर पचत नाही, त्याची कॅलरी शून्य. तेवढं कार्बमधून वजा करा, जुळंल.

सायली_परभणी:
हो दादा, बारीक अक्षरात आहे, फायबर १०. मग कार्ब ६२ धरले, २४८ आले, प्रोटीन आन फॅटचे ६९ मिळवले तर ३१७. आता उलट २० कमी पडायलेत.

अंजली_बीड:
मला एक विचारायचंय. मी तयार भाकर काट्यावर ठेवते, ६० ग्रॅम भरती, गुणिले ४ करून २४० लिहिते. तीन भाकरीतच ७२० होतात, मग भाजी-वरणाला काय उरतं? मी लई दिवसांपासून एक भाकर कमी खायलेय.

कुलकर्णी_सर_नांदेड:
सायली, तुमचा गुणाकार बरोबरच आहे आणि गणेशभाऊंचं अर्धं बरोबर आहे. फायबर आपल्या लहान आतड्यात पचत नाही हे खरं, पण पुढं मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातलं बरंच आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात ती शरीर वापरतं. म्हणून फायबरला शून्य नाही आणि ४ पण नाही, ग्रॅमला २ धरतात. तुमच्या पिठात ६२ चे २४८, फायबरचे २०, वरचे ६९. झाले ३३७.

पण दरवेळी फायबर वजा करू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारीला कार्ब ६७.६८ आणि फायबर १०.२२ दिलंय, तिथं कार्बमधून फायबर आधीच काढलेलं आहे. तिथं परत वजा केलं तर ज्वारी उगाच हलकी दिसंल. ओळखायचं कसं, तर प्रोटीन, कार्ब, फॅटची बेरीज करा. तुमची ८५.५ येते. पीठ कितीबी कोरडं वाटलं तरी त्यात साधारण १० ग्रॅम ओल असते, वर थोडे क्षार, म्हणजे १०० च्या जवळ बसलं. फायबरचे १० वेगळे मिळवले असते तर ९५.५ झाले असते, मग ओलीला जागाच राहत नाही. म्हणजे या पाकिटावर फायबर कार्बच्या आतच आहे.

अंजलीताई, ४ नं गुणायचं ते कार्बच्या ग्रॅमला, भाकरीच्या वजनाला नाही. भाकरीत पाणी असतं. परातीत घ्यायच्या आधी कोरडं पीठ मोजा.

अंजली_बीड:
अय्या! एका भाकरीला पीठ ४० ग्रॅमच्या आसपास असंल माझं.

सायली_परभणी:
मग अंजलीताई, याच पिठाची केली तर ३३७ च्या हिशोबानं एक भाकर १३५ ची, २४० ची नाही! साध्या ज्वारीचीबी जवळपास तेवढीच येईल. तुम्ही उगाच उपाशी राहिलात. सर, लई उपकार झाले, वहीत फायबरचा वेगळा रकाना पाडला आत्ताच.

गणेश_लातूर:
सर, शून्य धरायचं असंच जिमच्या पोरांनी सांगितलं होतं मला. पण मग एक सांगा, आमच्याकडं शेवयांचं पाकीट आहे, प्रोटीन ११, कार्ब ७४, फॅट १, माझा हिशोब ३४९ आन छापलंय ३६४. फायबर लिहिलेलंच नाही.

कुलकर्णी_सर_नांदेड:
तुमची बेरीज ८६ येते, म्हणजे फायबर असलं तरी कार्बच्या आतच असणार, आणि तसं असलं की छापील आकडा आपल्यापेक्षा कमी येतो, जास्त येत नाही. एक-दोनचा फरक असता तर दशांश गोल केल्यामुळं म्हणलो असतो, १५ चा तसा नसतो. फॅटचा आकडा नीट बघा, १ आहे का २.७? १.७ ग्रॅम फॅट वाढलं की साधारण १५ कॅलरी वाढतात. मागच्या बाजूचा फोटो टाका.

गणेश_लातूर:
पाकीट घडी घालून डब्यात ठेवलंय बायकोनं, १ च्या पुढचं पुसलंय. दुकानातून दुसरं बघून सांगतो.