मदत हवी आहे: स्लाइडवरून गाळलेल्या जागांचं हँडआउट करताना आलेख कसा द्यावा?

बीएस्सी प्रथम वर्षाला प्राणिशास्त्र शिकवते. वर्गात ८० मुलं, तास ४८ मिनिटांचा. चेतापेशीतल्या क्रियाविभवाच्या १४ स्लाइडचं मुलांनी तासातच भरायचं हँडआउट करते आहे. झेरॉक्स काळीपांढरी, एकच ए-फोर पाठपोट.

पहिल्या वेळी फक्त संज्ञा गाळल्या. मुलं पडद्यावरून शब्द उतरवून मोकळी झाली, कान माझ्याकडे नव्हतेच. (तेव्हापासून उत्तर स्लाइडवर आधी दिसत नाही, मी बोलल्यावर उघडते.) दुसऱ्या वेळी कारणं गाळली: "विभव -७० वरून +३० मिलिव्होल्टपर्यंत चढतं, कारण ______ आयन पेशीत ______". हे जमलं, मुलं विचार करून "सोडियम, शिरतात" लिहू लागली. पण अशा ३० जागा झाल्या आणि पुनर्ध्रुवीकरणापर्यंत पोचायच्या आत तास संपला. आता १२ वर आणल्यात.

अडलंय ते आलेखाशी. वक्र छापून फक्त नावं भरायला दिली, तर पोटॅशियम बाहेर गेल्यावर रेषा -७० च्याही खाली का जाते, हे कुणी विचारत नाही. कोरे अक्ष दिले, तर निम्मी मुलं मोजपट्टीतच अडकतात.

अक्षांवर आकडे छापून वक्र मुलांकडून टप्प्याटप्प्याने काढून घेतलाय का कुणी? किती मिनिटं लागली, आणि सुरुवातीचा किती भाग छापून दिला होता?