एकाच महिन्यात दोनदा पैसे कापले: कंपनीला पत्र की थेट बँक?

कोरा कागद
स्ट्रीमिंग कंपनीने या महिन्यात 4 आणि 6 तारखेला कार्डावरून सारखीच रक्कम कापली. पत्र असं लिहिलंय: "आपण एका महिन्यात दोनदा पैसे घेतले. हा निव्वळ गैरकारभार आहे. एक रक्कम ताबडतोब परत करा." एवढं पुरेल का? की पत्राच्या भानगडीत न पडता सरळ बँकेकडे जावं?

फटकळ
सरळ बँक. कंपनीला पत्र म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, चार दिवसांनी "आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व" एवढंच येतं. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहार उघडून "दोनदा आकारणी" हे कारण निवडायचं, दोन्ही नोंदींचे फोटो जोडायचे. मग कंपनीला उत्तर देणं भाग पडतं.

पावसाळी ढग
आधी बघा, ही खरंच चूक आहे का? बऱ्याच सेवांचं चक्र 30 दिवसांचं असतं, कॅलेंडरच्या महिन्याचं नव्हे. 1 तारखेला पैसे गेले की पुढचे त्याच महिन्याच्या 31 ला जातात. स्टेटमेंटवर "महिन्यात दोनदा" दिसतं, पण हिशेब बरोबर असतो. पत्र लिहून हसं व्हायचं.

हिशेबनीस
ढग यांचा मुद्दा खरा, पण इथे लागू नाही. 4 आणि 6 मध्ये दोनच दिवस आहेत, कुठलंच चक्र इतकं छोटं नसतं.

कोरा कागद, दोन गोष्टी सांगा. बँकेत दोन्ही नोंदी पक्क्या झाल्यात की एकीपुढे अजून Pending आहे? आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात बिलांची यादी असते, तिथे या महिन्याच्या ओळी किती? पत्रात काय लिहायचं ते यावरच ठरतं.

निवांत
महिनाभर काहीच पाहिलं नसेल तर पूर्ण रक्कम मागायला हरकत नाही असं माझं मत. कंपन्या क्वचित देतात, पण मागावं.

तळटीप
निवांत, न पाहिल्याचा परतावा हा वेगळा विषय. इथे एकाच सेवेचे पैसे दोनदा गेलेत.

कोरा कागद
बँकेत दोन्ही पक्क्या, Pending कुठेच नाही. कंपनीच्या यादीत मात्र एकच ओळ, 6 तारखेची. ईमेलही एकच वापरतो, दुसरं खातं नाही.

हिशेबनीस
मग गाठ सापडली. 4 ला कंपनीने पैसे मागितले, बँकेने दिले, पण "मिळाले" हा निरोप मधल्या पेमेंट गेटवेकडून कंपनीपर्यंत वेळेत पोचला नाही, असं दिसतं. कंपनीच्या दप्तरी तो प्रयत्न फसला. यंत्रणा अशा वेळी एकदोन दिवसांनी आपोआप पुन्हा प्रयत्न करते, तो 6 ला झाला आणि त्याचंच बिल बनलं.

आता तुमचा मसुदा ग्राहक सेवेतल्या माणसाच्या नजरेने वाचा. त्याच्या पडद्यावर एकच पेमेंट आहे. "दोनदा घेतले" वाचून तो यादी उघडणार, एक ओळ पाहणार आणि "आमच्या नोंदीनुसार एकदाच आकारणी झाली आहे" असं कळवून तक्रार बंद करणार. तो खोटं बोलत नसतो, त्याला दुसरी नोंद दिसतच नाही. "गैरकारभार" लिहून ती दिसायला लागणार नाही. ती शोधायला लागणारा धागा त्याच्या हातात द्या:

> विषय: 4 तारखेची आकारणी आपल्या बिलयादीत नाही, परताव्याची विनंती
>
> माझे खाते ____ या ईमेलवर आहे. ____ ने संपणाऱ्या कार्डावरून 4 आणि 6 तारखेला प्रत्येकी ____ इतकी रक्कम गेली. दोन्ही व्यवहार बँकेत पक्के झाले आहेत. 6 तारखेचे बिल, क्रमांक ____, मला मान्य आहे. 4 तारखेची रक्कम आपल्या यादीत नाही, परंतु बँकेने ती आपल्याला दिली आहे. बँकेचा संदर्भ क्रमांक ____. कृपया हा व्यवहार पेमेंट विभागाकडून तपासून रक्कम त्याच कार्डावर परत करावी. 10 कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळावे. सोबत: स्टेटमेंटचा संबंधित भाग, बिलयादीचा फोटो.

कार्डाचे शेवटचे चार अंकच द्या. स्टेटमेंटवरच्या बाकीच्या ओळी झाका, त्यांच्याशी कंपनीला काही देणंघेणं नाही. आणि उत्तरासोबत येणारा तक्रार क्रमांक जपून ठेवा.

फटकळ
एवढं रामायण? बँकेकडे हेच एका फॉर्ममध्ये होतं.

हिशेबनीस
होतं, पण फॉर्मवर व्यवहार कुठला निवडणार? घाईत बहुतेक जण शेवटचा, म्हणजे 6 चा निवडतात. त्याचं बिल कंपनीकडे आहे. ती बिल दाखवते, सेवा चालू होती हेही दाखवते आणि दावा फेटाळला जातो. वर, आपल्याविरुद्ध दावा आला की काही कंपन्या खातंच बंद करतात. बँकेकडे जाल तेव्हा 4 चा व्यवहार निवडा आणि कंपनीला लिहिलेलं पत्र जोडा. आधी विक्रेत्याकडे मागितलं का, हे बँक बहुधा विचारतेच.

फटकळ
आणि कंपनी ताटकळत ठेवून बँकेकडे दावा करायची मुदत घालवते त्याचं काय?

हिशेबनीस
ही भीती रास्त आहे. व्हिसाच्या नियमांत दुहेरी आकारणीसाठी 120 दिवस असतात, पण बँका ग्राहकाला त्याहून कमी देऊ शकतात. आपल्या बँकेची मुदत आजच विचारून घ्या. 10 कामकाजाचे दिवस थांबल्याने ती सहसा टळत नाही, तीन महिने "पुन्हा आठवण करून देत आहे" करत बसलात तर टळेल.

तळटीप
मला पत्रातलं "त्याच कार्डावर" पटत नाही. पुढच्या महिन्याच्या बिलातून वळतं करा म्हटलं तर काम पटकन होतं, वरच्या मंजुरीची गरज पडत नाही. सेवा चालूच ठेवायची असेल तर अडून का बसायचं?

हिशेबनीस
कारण 4 ची रक्कम त्यांच्या दप्तरी आलेलीच नाही. वळती केली तर ती "सदिच्छा सवलत" म्हणून नोंदली जाते आणि मूळ व्यवहार तसाच लोंबकळतो. मध्येच सेवा सोडलीत तर सवलतही बुडू शकते.

तळटीप
सोडायचीच नसेल तर हा वाद कागदोपत्री आहे. माझं मत कायम.

पावसाळी ढग
एक राहिलं. वर्गणी ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर?

हिशेबनीस
मग हे पत्र चुकीच्या दारात जाईल. पैसे स्टोअरने घेतलेले असतात, परतावाही तिथूनच मागावा लागतो. पावतीवर GPA ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती गूगल प्लेची. ॲपलची असेल तर reportaproblem.apple.com वर अर्ज करायचा. इथे बिल कंपनीच्याच यादीत आहे आणि कार्डही तिथेच दिलंय, त्यामुळे हा फाटा नसावा.

कोरा कागद
मसुदा बदलला, संदर्भ क्रमांक स्टेटमेंटवर सापडला. पण माझं कार्ड महिनाअखेर संपतंय. परतावा जुन्या क्रमांकावर आला तर?

हिशेबनीस
खातं तेच असेल तर बँक सहसा जमा करून घेते. "परतावा पाठवला" असं उत्तर आलं आणि आठवड्याभरात दिसला नाही, तर कंपनीकडून त्या परताव्याचा एआरएन, म्हणजे व्यवहाराचा माग काढायचा संदर्भ क्रमांक, मागा. 23 आकडी असतो. तो दिला की बँक रक्कम नेमकी कुठे अडकली ते शोधू शकते. नुसतं "पैसे आले नाहीत" म्हटलंत तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतील.

फटकळ
दहा दिवसांनी इथेच भेटू. मी बँकेचा फॉर्म तयार ठेवा म्हणतो.