शब्दचर्चा: मैत्रिणीच्या लग्नासाठी चार ओळी – ‘साथ’ की ‘सोबत’?

मुक्ता: माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं लग्न आहे. भेटीसोबतच्या कार्डावर अभंगाच्या चालीत काहीतरी लिहायचंय. हे झालं:

रेशीमगाठींनी । जुळले हे नाते ।
साथ जन्मभर । लाभो तुम्हां ॥

मनापासून लिहिलंय, पण वाचताना कुणीही कुणालाही दिलेलं वाटतं. शिवाय ‘साथ’ हा शब्द खटकतो. ‘सोबत’ घ्यावा का?

दिनेश: ‘जन्मभर’मध्ये जोडाक्षर आहे, म्हणून तिथे एक अक्षर जास्त होतं. ओळ त्यामुळेच लंगडते आहे. अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं लागतात.

वसुधाताई: दिनेश, सहा-सहा-सहा-चार हे बरोबर, पण जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. लघू-गुरू बघून मात्रा मोजतात तो हिशेब वेगळा. सा-थ-ज-न्म-भ-र, सहाच झाली. ओळ लंगडते ती यमकामुळे. मोठ्या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळावं लागतं. इथे ‘नाते’ आणि ‘भर’ आहे, म्हणून कान अडतो.

आता शब्दाचं. ‘साथ’ मराठीत दोन ठिकाणी पक्का रुजलेला आहे: गाण्याला तबल्याची साथ, आणि तापाची साथ. गाण्यात एक जण मुख्य असतो आणि साथ करणारा त्याच्या मागून जातो. दोघांच्या संसाराला ते मला बसत नाही. ‘सोबत’ मुळात अरबीतला, फारसीतून आपल्याकडे आला, पण आता पुरता घरचा झाला आहे. ‘अंधार आहे, सोबतीला येतेस का?’ असं आपण विचारतो तेव्हा कुणी पुढारी लागत नाही, नुसतं शेजारी असणं पुरतं. तुला तोच हवा असेल.

श्रीकांत: माझ्या भाचीच्या पत्रिकेत आम्ही कविता छापली तेव्हा ‘आपण यावे’ हे शब्द राहून गेले होते. तुमच्या ओळींतही निमंत्रण कुठे दिसत नाही.

मुक्ता: काका, ही निमंत्रणपत्रिका नाही. पाहुण्यांना नाही, तिलाच लिहायचंय.

वसुधाताई: मग तिची एखादी सवय सांग. ‘रेशीमगाठी’ कुणाच्याही लग्नात चालतात, म्हणूनच त्या तुला परक्या वाटतात.

मुक्ता: आम्ही सगळ्या चालत निघालो की ती थांबते. मागे राहिलेली गाठेपर्यंत पुढे जात नाही. मला दम लागतो, तर बहुतेक वेळा मीच मागे असते. आणि आता तिलाही कुणीतरी भेटलाय, जो तिच्या नोकरीपायी तीन वर्षं लग्नाला थांबला.

वसुधाताई: मग तुझा शब्द ‘साथ’ही नाही आणि ‘सोबत’ही नाही. तो ‘वाट’ आहे. वाट पाहणं आणि चालायची वाट, दोन्ही एकाच शब्दात. पहिल्या कडव्यात पाहण्याची, दुसऱ्यात चालण्याची अशी करून बघ.

दिनेश: लग्नाच्या कार्डावर ‘वाट’? लोक ‘वाट लागली’ असं वाचतील.

वसुधाताई: तो अर्थ ‘लागणे’, ‘लावणे’ ही क्रियापदं आणतात. ‘पाहणे’ आलं की तो मनात येत नाही. मात्र ‘नवी वाट लागो’ असं काही लिहू नकोस.

मुक्ता: बराच वेळ बसले. ‘मागच्यांच्यासाठी । आता तुझ्यासाठी’ असंही करून पाहिलं, पण ‘साठी’ला ‘साठी’ म्हणजे यमक नव्हे, नुसता तोच शब्द परत. शेवटी हे:

मागे राही त्याची । वाट तू पाहिली ।
तुझीही पाहिली । वाट कोणी ॥

आता एक वाट । सोबत दोघांची ।
घाई पोचण्याची । नसो तुम्हां ॥

दिनेश: पण ‘पाहिली’ला ‘पाहिली’ हेही तोच शब्द परत!

वसुधाताई: खरं आहे, पण इथे तो शोभतो. पहिल्यांदा पाहणारी ती आहे, दुसऱ्यांदा तो. एकाच क्रियापदाने बाजू बदलली, आणि तेच तुला सांगायचं होतं. ‘साठी’ दोन्हीकडे तसाच पडून राहत होता. दुसऱ्या कडव्यातलं ‘दोघांची–पोचण्याची’ मात्र मला पातळ वाटतं, नुसता प्रत्यय जुळलाय. तरी ‘घाई पोचण्याची नसो’ ही ओळ मी सोडणार नाही. ती सर्वांत आधी थांबणाऱ्या मुलीलाच लागू पडते.

श्रीकांत: ‘कोणी’ म्हणजे अनोळखी माणसासारखं वाटतं. नवऱ्या मुलाला काय वाटेल? ‘त्याने’ लिहा, दोनच अक्षरं आहेत.

मुक्ता: बसतं खरं. पण ‘कोणी’मध्ये आपलीही कुणी वाट पाहील हे तिला ठाऊकच नव्हतं, ते येतं. ‘त्याने’ म्हटलं की ते जातं, पण तो माणूस समोर येतो.

वसुधाताई: मी ‘कोणी’च ठेवीन. पण कार्ड तो आधी वाचणार असेल तर श्रीकांतरावांचं ऐक.

मुक्ता: दोघं मिळूनच उघडतील. दोन्ही लिहून ठेवते, शाईने कुठलं उतरवायचं ते उद्या ठरवेन.