मदत हवी आहे: एकच जोखीम दोन विभागांकडून आली, गुण कोणते धरायचे?

11 विभागांच्या याद्यांतून एका पानाचा जोखीम सारांश करतोय. शक्यता आणि परिणाम दोन्ही 1 ते 5, गुणाकारावर क्रम.

अडलंय ते विलीनीकरणात. आयटीने लिहिलंय ‘सर्व्हर बंद पडणे’, 2×4 = 8. लेखा विभागाने ‘पगार वेळेत न होणे’, 3×5 = 15. शब्द जुळत नाहीत, म्हणून एक्सेलच्या डुप्लिकेट तपासणीत हे सापडलंच नाही. कारण, घटना, परिणाम असे तीन रकाने पाडले तेव्हा कळलं की घटना एकच आहे.

सरासरी काढली तर 11.5 येते आणि गंभीर ओळ मधल्या गटात बुडते, म्हणून ती नकोच. माझा विचार असा: शक्यता कारण ज्याच्या हातात आहे त्याची, म्हणजे आयटीची 2, परिणाम सर्वांत मोठा, 5. एकूण 10. पण आयटीने गुण बॅकअप धरून दिलेत, लेख्याने न धरता (फॉर्ममध्ये हे विचारलंच नव्हतं, चूक आमचीच).

अशा वेळी याद्या परत पाठवून गुण नव्याने मागवता, की दोन्ही आकडे शेजारी ठेवता? आणि 2×5 व 5×2 बरोबरीत आले तर वर कोण? मी परिणाम मोठा असलेली ओळ वर ठेवतोय.